पाइपला पीळ बसला की तडा तिरका का जातो?

पालघरहून बोईसरला आलात की तारापूर एमआयडीसीत पाइपच पाइप. त्यातला एक घेऊ या: त्रिज्या 100 मिमी, जाडी 5 मिमी, दोन्ही टोकं बंद, आत 4 मेगापास्कल, म्हणजे गेजवर साधारण 40 किलो.

नुसत्या प्रेशरनं घेराच्या दिशेला ताण 80, लांबीच्या दिशेला 40. म्हणून असा पाइप उभा, लांबीला समांतर फाटतो.

आता 2 मीटरच्या आडव्या फाट्याच्या टोकाला 240 किलोचा व्हॉल्व्ह लटकवला, खाली सपोर्टच नाही. पाइपला पीळ बसतो आणि सुमारे 15 मेगापास्कल शिअर येतो. (वाकण्याचा ताण आज बाजूला ठेवतो.)

मोहरचं वर्तुळ काढा. मध्य 60, त्रिज्या √(20² + 15²) = 25. मुख्य ताण 85 आणि 35. दिशा 18.4 अंशांनी फिरली, तडाही तेवढाच तिरका.

इथं मी स्वतः कॉलेजात चुकलो होतो. कमाल शिअर 25 लिहिला. पण बाहेरच्या पृष्ठभागावर तिसरा मुख्य ताण शून्य असतो, तोही धरायचा. म्हणजे कमाल शिअर 85 च्या निम्मा, 42.5. डिझाइन 25 वर केलं असतं, तर?