कंडेन्सेट दोन असतात



अध्यक्षपदासाठी माझे नाव सुचवणाऱ्यांचे आणि त्याला विरोध न करणाऱ्यांचे मनापासून आभार. प्रथेप्रमाणे मी वर्षभरातल्या तांत्रिक अनुवादाचा आढावा घ्यायला हवा. तो छापून तुमच्या पिशवीत ठेवला आहे, जेवणाच्या सुट्टीत चाळा. मला एकाच गोष्टीवर बोलायचे आहे आणि त्यासाठी मी बरीच वर्षे माइकची वाट पाहिली आहे. रासायनिक कारखान्यात शिकाऊ मुलांच्या हातात आपण जे मराठी प्रक्रिया-वर्णन ठेवतो, ते बहुतेक वेळा कारखाना न पाहिलेल्या माणसाने लिहिलेले असते. तपासणाराही तसाच. व्याकरण तपासले जाते, शब्द कोशाशी ताडले जातात, आणि पाइप कुठून कुठे जातो हे कुणी विचारत नाही.

उदाहरण एकच घेतो, मिथेनॉल परत मिळवण्याच्या कॉलमचे. औषधांचा कच्चा माल करणाऱ्या कारखान्यांत वापरून झालेले मिथेनॉल पाण्यात मिसळून येते. ते फेकून देणे परवडत नाही, म्हणून ऊर्ध्वपातनाने वेगळे करतात. मिथेनॉल 64.7 अंश सेल्सियसला उकळते, पाणी 100 ला. कॉलमच्या तळाशी रिबॉयलर असतो. त्याच्या नळ्यांना बाहेरून स्टीम मिळते आणि आतले मिश्रण उकळते. मिथेनॉल वेपर होऊन माथ्याकडे जाते, पाणी तळाशी राहते. माथ्यावरचे वेपर कंडेन्सरमध्ये थंड होऊन द्रव होते आणि रिफ्लक्स ड्रममध्ये जमते. आयटीआयमधून एओसीपीचा ट्रेड करून आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात हेच शिकायचे असते.

आता नीट पाहा. या एका कॉलमवर वाफा दोन आहेत. एक बॉयलरकडून येणारी स्टीम, दुसरी माथ्याकडे जाणारी मिथेनॉलची. दोन्ही थंड होऊन द्रव होतात, म्हणजे कंडेन्सेटही दोन. स्टीमचे कंडेन्सेट म्हणजे निव्वळ गरम पाणी. ते रिबॉयलरखालच्या ट्रॅपमधून निघते आणि बॉयलरच्या पाण्याच्या टाकीकडे परत जाते. दुसरे म्हणजे मिथेनॉल, ज्यासाठी एवढा खटाटोप. रिबॉयलरच्या नळ्यांच्या भिंतीअलीकडे स्टीम, पलीकडे मिथेनॉलचे मिश्रण. त्यांची गाठ पडली, तर रिबॉयलर फुटला आहे असे समजायचे.

कोकणातल्या एका कारखान्याने या कॉलमच्या वर्णनाचा अनुवाद करून घेतला होता. मूळ इंग्रजीत कंडेन्सेट हा शब्द दोन्ही अर्थांनी आला होता. इंग्रजी वाचणाऱ्या इंजिनीअरला ते खटकत नाही, कारण त्याच्यासमोर आराखडा असतो. अनुवादकाने इमानाने दोन्हीकडे ‘संघनित’ लिहिले. पुढे सूचना होती: ‘दर दोन तासांनी संघनिताचा नमुना घेऊन त्याची घनता तपासावी.’

रात्रपाळीला नवा मुलगा होता. रिफ्लक्स ड्रम वरच्या मजल्यावर, ट्रॅप जमिनीलगत. त्याने ट्रॅपच्या पुढच्या ड्रेनमधून बाटली भरली, गार पाण्यात बुडवून थंड केली आणि हायड्रोमीटर सोडला. रीडिंग आले 1.00. शुद्ध मिथेनॉलची घनता 0.79 च्या आसपास असते. शिफ्ट इन्चार्जने आकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. माथ्यावरून पाणी येतेय! त्याने शिकल्याप्रमाणेच केले. माल टाकीकडे पाठवणे बंद करून सगळे मिथेनॉल रिफ्लक्सला वळवले. दोन तासांनी पुन्हा 1.00. त्याने स्टीम वाढवली. पुन्हा 1.00.

सकाळी मी पोहोचलो तेव्हा पडद्यावर माथ्याचे तापमान, TI-105, 65 अंशांवर ठाम होते. माथ्यावर पाणी चढले असते तर हा आकडा वर सरकायलाच हवा होता. कॉलमचा दाब तोच आणि माथा 65 ला, मग तिथे मिथेनॉलच आहे. म्हणजे बाटली खोटी. उलट तळाचे तापमान मात्र 100 वरून ऐंशीच्या घरात उतरले होते, आणि तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. फीड चालूच होते. वरून माल काढणे बंद केल्यावर आत येणारे मिथेनॉल जाणार कुठे? तळातून पाण्याबरोबर सांडपाण्याकडे. नसलेला बिघाड दुरुस्त करता करता रात्रभर खरा बिघाड चालू राहिला होता.

मी त्या मुलाला विचारले, “बाळा, बाटली कुठून भरलीस?” तो म्हणाला, “संघनितातून, सर. कागदावर लिहिलंय.” आणि मला थेट ट्रॅपपाशी घेऊन गेला. त्याच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते. कागद आमचा होता.

आज सकाळच्या परिसंवादात ‘संघनित’ बरे की ‘कंडेन्सेट’ यावर एक तास रण माजले. दोन्ही पक्षांना सांगतो, त्या रात्री कागदावर ‘कंडेन्सेट’ असते तरी तो मुलगा ट्रॅपवरच गेला असता, बहुधा आणखी लवकर. कारण प्लांटवर नुसते कंडेन्सेट म्हटले की माणसे स्टीमचेच समजतात. माथ्यावरच्या मालाला ती ‘टॉप’ म्हणतात, फार तर ‘डिस्टिलेट’. शुद्ध मराठीवाले चुकले आणि आपण जिंकलो असे इंग्रजीवाल्यांनी समजू नये. शब्द कुठल्याही भाषेतला घ्या, त्याला पत्ता नसेल तर तो निरुपयोगी आहे. ‘रिफ्लक्स ड्रममधल्या मिथेनॉलचा नमुना, पंपाच्या पुढच्या सॅम्पल पॉइंटवरून’ एवढे लिहिले असते तर ती रात्र वाचली असती. या वाक्यात संघनितही नाही आणि कंडेन्सेटही नाही.

संस्कृत शब्द सगळ्या भारताला सारखेच कळतात, असेही एक वक्ते म्हणाले. पण मराठी शाळेत ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन, आणि घन पदार्थाची थेट वाफ होणे म्हणजे संप्लवन. हिंदीच्या पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणजे हेच संप्लवन, आणि डिस्टिलेशनला आसवन. आपल्या एमआयडीसीत उत्तर प्रदेश-बिहारची किती मुले काम करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. हिंदी अनुवाद समोर ठेवून मराठी पाडणाऱ्यांनी तर या शब्दापाशी जपूनच असावे. मराठी वर्णनात मी ऊर्ध्वपातन हा शब्द मथळ्यात ठेवतो. आत कॉलम काय करतो ते लिहितो.

आता रिफ्लक्स. मूळ वर्णनात हमखास एक वाक्य असते आणि त्याचा मराठी अवतारही हमखास असा असतो: ‘संघनिताचा काही भाग पश्चवाह म्हणून स्तंभाकडे परत केला जातो.’ कोण करतो, किती करतो, कशासाठी करतो, काही पत्ता नाही. वाचणाऱ्या मुलाला वाटते, तयार झालेला माल पुन्हा कॉलममध्ये ओतणे हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि तोही ‘काही भाग’ म्हणजे थोडासाच असेल. एका मुलाने मला विचारलेही होते, “सर, तेवढं बंद केलं तर माल वाढेल ना?”

हिशेब करू. ताशी 1000 किलो फीड आहे, त्यात निम्मे मिथेनॉल. म्हणजे ताशी साधारण 500 किलो माल मिळायला हवा. रिफ्लक्सचे प्रमाण दीडपट धरले, तर 500 किलो टाकीत जाते तेव्हा 750 किलो कॉलमच्या माथ्यावर परत जाते. कंडेन्सरमध्ये ताशी 1250 किलो मिथेनॉल द्रव होते आणि त्यातला 60 टक्के भाग घरीच राहतो. याला ‘काही भाग’ म्हणायचे?

आणि हा परत जाणारा द्रवच काम करतो. वर चढणाऱ्या वेपरमध्ये थोडे पाणीही असते. माथ्यावरून ट्रेमागून ट्रे उतरणारे मिथेनॉल त्या वेपरला भेटते. वेपरमधले पाणी द्रवात उतरते, द्रवातले मिथेनॉल वेपर होऊन वर जाते. ही देवघेव प्रत्येक ट्रेवर होते. रिफ्लक्स बंद केला की पहिली काही मिनिटे टाकीकडचा प्रवाह खरोखर वाढतो, त्या मुलाचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे. मग वरचे ट्रे कोरडे पडतात, पाणी वर चढते, TI-105 पासष्टवरून सत्तरीकडे निघतो आणि बाटलीतली घनताही 0.79 सोडून वाढू लागते. तापमान आणि घनता बरोबर वाढली तर बिघाड खरा. घनता एकटीच बिघडली तर बाटली कुठून भरली ते आधी विचारा.

माझ्या कागदावर तो उतारा असा असतो: ‘कंडेन्सरमध्ये मिथेनॉलचे वेपर थंड होऊन द्रव होते. तो द्रव रिफ्लक्स ड्रममध्ये जमतो. ड्रमखालचा पंप तो उचलतो. पंपापुढे पाइपचे दोन फाटे होतात. एक फाटा कॉलमच्या माथ्यावर जातो, हा रिफ्लक्स. दुसरा कूलरमधून मालाच्या टाकीत जातो. रिफ्लक्स मालाच्या दीडपट असतो. तो कमी झाला तर मालात पाणी येते.’ मूळ इंग्रजीत यातली निम्मी वाक्ये नव्हती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की हा अनुवाद नव्हे, हे पुनर्लेखन आहे. मान्य. पण इंग्रजी वर्णन इंजिनीअरने इंजिनीअरसाठी लिहिलेले असते. तेच शब्दाला शब्द ठेवून एकोणीस वर्षांच्या पोराला रात्रपाळीत देणे याला मी निष्ठा म्हणत नाही.

ही पुनर्लेखनाची परवानगी खुर्चीवर बसून मिळत नाही, हेही सांगतो. लाइन ट्रेस करावी लागते. हेल्मेट घालून, ऑपरेटरला बरोबर घेऊन, ड्रमपासून पंपापर्यंत आणि पंपापासून माथ्यापर्यंत पाइपमागोमाग चालायचे. मी हे बोलतो तेव्हा काहींच्या चेहऱ्यावर हसू येते. पानाला मिळणाऱ्या दरात हे बसत नाही, हेही खरे. पूर्वी कारखान्यातले जुने फोरमन कागद हातात घेऊन म्हणायचे, “हा पाइप दाखवा कुठाय.” ते निवृत्त झाले आणि आता त्या जागी ईमेलवर ‘ठीक आहे’ येते. त्या फोरमनांची मला फार आठवण येते.

शब्दसूचीच्या कामाबद्दल विचारणा झाली आहे. ते व्हायला हवे. प्रत्येक शब्दाबरोबर तो कुठल्या लाइनवर लागू आहे हे लिहिलेली सूची करावी, आसवनीवाल्यांनी आणि सॉल्व्हंटवाल्यांनी वेगवेगळी करावी, असे माझ्या मनात आहे. समिती नेमू, तपशील पुढे ठरवू.

तोवर एक विनंती. उद्या कुणी तुम्हाला कॉलमचे वर्णन अनुवादाला दिले, तर आराखडा मागा आणि एक दिवस प्लांटवर नेण्याची अट घाला. कारखाना नाही म्हणाला, तर ते काम घेऊ नका.