मध्ये बसणारा अपूर्णांक

पाया 3 धरून 5 चा लॉग आणि पाया 4 धरून 7 चा लॉग, यांत मोठा कोणता? कॅल्क्युलेटर नको, कागद-पेन्सिल पुरे.

पहिला लॉग म्हणजे 3 चा कितवा घात 5 होतो. दुसरा, 4 चा कितवा घात 7 होतो. दोन्ही एकाहून मोठे, हे उघड आहे. आता दोघांच्या मध्ये बसेल असा अपूर्णांक शोधू.

दीड घेऊ. 5 चा वर्ग 25, 3 चा घन 27. म्हणजे पहिला लॉग दीडपेक्षा लहान. 7 चा वर्ग 49, 4 चा घन 64, दुसराही लहानच. निकाल लागला नाही. सात-पंचमांश घेतले, तर दोन्ही मोठे निघतात, पण दुसरा अगदी काठावर: 7 चा पाचवा घात 16,807 आणि 4 चा सातवा 16,384. ही निसटती बाजी फार मोलाची, कारण दुसरा लॉग 1.4 च्या अगदी जवळ आहे हे तिथेच कळतं.

मग 1.4 आणि 1.5 यांच्या मधला दहा-सप्तमांश घेऊ. 5 चा सातवा घात 78,125. 3 चा दहावा 59,049. पहिला लॉग मोठा. आता 7 चा सातवा घात. 343 चा वर्ग 1,20,000 हून कमी, त्याची सातपट 8,40,000 हून कमी. 4 चा दहावा घात मात्र 1024 चा वर्ग, म्हणजे दहा लाखांच्या वर. दुसरा लॉग लहान.

तेव्हा पाया 3 धरून 5 चा लॉगच मोठा.