प्रशिक्षणातील हजेरीचा हिशोब

दुग्धव्यवसायाच्या प्रशिक्षणवर्गात व्याख्यान एक तासाचे आणि गोठ्यावरील प्रात्यक्षिक चार तासांचे आहे, असे समजू. हजेरी नुसती सत्रे मोजून काढली, तर व्याख्यान चुकले काय आणि प्रात्यक्षिक चुकले काय, सारखेच ठरते. म्हणून हजेरी तासांवर मोजावी.

समजा, 10 व्याख्याने व 5 प्रात्यक्षिके मिळून 30 तास झाले. एका प्रशिक्षणार्थीची 3 व्याख्याने व 2 प्रात्यक्षिके चुकली. म्हणजे 11 तास गेले, 19 तास तो हजर होता. मात्र एका प्रात्यक्षिकाच्या दिवशी तो आजारी होता व त्याची रजा मंजूर आहे. या चार तासांचे काय करायचे?

ते एकूण तासांतून वजा केले, तर 19 भागिले 26, म्हणजे 73 टक्के होतात. तेच हजेरीत धरले, तर 23 भागिले 30, म्हणजे जवळजवळ 77 टक्के. प्रमाणपत्रासाठी 75 टक्क्यांची अट असेल, तर पहिल्या रीतीने ते हुकते, दुसरीने मिळते. दोन्ही रीती एकत्र करून 23 भागिले 26, म्हणजे 88 टक्के काढणे मात्र चूक आहे. तेच तास दोनदा धरले जातात.

म्हणून वर्ग सुरू होतानाच कोणती रीत लागू आहे ते विचारून घ्यावे. रजेच्या अर्जावर तारखेबरोबर चुकलेले तासही लिहावेत आणि मंजुरीची सही घेऊन एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.