व्यसन एकालाच का जडते ?

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

एकाच आळीत वाढलेले दोन तरुण एकाच वयात, एकाच सोबतीत मद्याची चव घेतात. दहा वर्षांनी त्यांतील एक क्वचित प्रसंगी घोटभर घेणारा राहतो. दुसऱ्याची जमीन गहाण पडते आणि सकाळी हात थरथरल्यावाचून त्याचा दिवस उजाडत नाही. लोक म्हणतात, पहिल्याचे मन खंबीर, दुसऱ्याचे दुबळे. दारू ज्याने एकदा चाखली तो बुडालाच, असेही म्हणणारे आहेत. या दोन्ही समजुतींना शास्त्रीय निरीक्षणाचा आधार नाही. व्यसन जडणे हे तीन गोष्टींच्या मिलाफावर अवलंबून असते : अनुवंश, सेवनाच्या प्रारंभाचे वय आणि परिस्थिती.

परिस्थितीचे बळ किती असते, याची एक मोठी परीक्षा इतिहासाने आपण होऊन घडवून आणली. १९७१ साली व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन फैलावल्याचे उघड झाले. तेथे हेरॉइन शुद्ध, स्वस्त आणि हाताशी होते; सैनिक ते बहुधा सिगारेटमधून ओढीत. मायदेशी निघण्यापूर्वी प्रत्येकाची लघवी तपासण्याचा नियम सरकारने केला. त्या सप्टेंबरमध्ये परतलेल्या सैनिकांतून नमुना निवडून ली रॉबिन्स या संशोधक विदुषीने त्यांच्या मुलाखती घेतल्या. सुमारे ४५ टक्के सैनिकांनी अफू वा हेरॉइन यांसारखे पदार्थ चाखले होते आणि सुमारे २० टक्के त्यांच्या आहारी गेले होते. हे हजारो व्यसनी आता अमेरिकेच्या गावोगावी पसरणार, अशी धास्ती सर्वांना वाटत होती.

प्रत्यक्षात निराळेच घडले. व्हिएतनाममध्ये व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनी झाले. तीन वर्षांचा हिशेब धरला तरी हे प्रमाण १२ टक्क्यांच्या वर गेले नाही. त्यांतील बहुतेकांना दीर्घ उपचारही मिळाले नव्हते. बदलली होती ती परिस्थिती : युद्धाचे भय व कंटाळा मागे राहिला, हेरॉइन महाग व दुर्मिळ झाले आणि घर, काम, आप्त पुन्हा भोवती आले. मात्र या निष्कर्षावरून, जागा बदलली की व्यसन सुटते, असा सरसकट नियम काढणे चुकीचे होईल. हे व्यसन परक्या मुलुखात लागले होते आणि त्याच्या खुणा तेथेच राहिल्या. ज्याला स्वतःच्या गावात, रोजच्या वाटेवर दारू लागली, त्याला तो गुत्ता, ती संध्याकाळ आणि ते सोबती रोज भेटतात. उपचार घेऊन घरी आलेला मनुष्य पुन्हा पिऊ लागतो त्याचे एक मोठे कारण हेच होय. शिवाय पुन्हा व्यसनात पडलेल्या सैनिकांत, लष्करात भरती होण्यापूर्वीच मादक पदार्थ घेऊ लागलेल्यांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे परिस्थिती सर्वांची बदलली. परंतु सर्वांची पूर्वपीठिका सारखी नव्हती.

ही पूर्वपीठिका काही अंशी जन्मापूर्वीच लिहिली जाते. जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, मद्यासक्तीच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्याचा सुमारे निम्मा भाग अनुवंशाने येतो. याचा अर्थ मद्यपी पित्याच्या निम्म्या मुलांना व्यसन लागणारच, असा नव्हे. व्यसनाचे म्हणून एखादे एकच जनुक नसते. अनेक जनुकांचा अल्प अल्प परिणाम साठत जातो.

तथापि एका जनुकाचे कार्य फार स्पष्ट कळले आहे. मद्य पोटात गेल्यावर त्याचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि मग यकृतातील एक विकर त्याची विल्हेवाट लावते. जपान, चीन, कोरिया येथील अनेकांत हे विकर जन्मतःच दुर्बळ असते. थोडे मद्य घेताच त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. हा त्रास त्यांना व्यसनापासून वाचवितो. परंतु किती वाचवितो ? जपानमध्ये मद्यासक्त रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा हा दोष माता अथवा पिता यांपैकी एकाकडूनच आलेल्यांचे प्रमाण १९७९ साली २.५ टक्के होते. ते १९८६ साली ८ टक्के आणि १९९२ साली १३ टक्के झाले. एवढ्या अल्प काळात जनुके बदलत नाहीत. बदलला तो समाज : पिण्याची चाल वाढली आणि निसर्गाने दिलेले कुंपण कित्येकांनी ओलांडले. दोष दोहोंकडून आलेला रुग्ण मात्र एकही आढळला नाही. काही कुंपणे परिस्थितीलाही मोडता येत नाहीत.

याच्या उलट बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याला पुष्कळ पिऊनही ‘चढत नाही’, त्याचे सोबत्यांत कौतुक होते. अमेरिकेत मद्यपी पित्यांच्या तरुण मुलांना मोजून मद्य देऊन त्यांच्यावरील परिणाम पाहण्यात आला आणि पुढे अनेक वर्षे त्यांची वाटचाल तपासण्यात आली. ज्यांच्यावर परिणाम कमी दिसला होता, त्यांच्यातच पुढे व्यसन अधिक आढळले. थांब म्हणून सांगणारी शरीराची खूण त्यांना उशिरा मिळते. म्हणून ‘पचवणारा गडी’ हा खरोखर धोक्यातला गडी होय.

तिसरी बाब वयाची. अमेरिकेतील एका विस्तृत पाहणीचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हातरी मद्याच्या आहारी गेलेले आढळले. विसाव्या वर्षी वा नंतर प्रारंभ करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. येथे सावधपणे बोलले पाहिजे. जी मुले लवकर पिऊ लागतात, त्यांच्यात उतावळेपणा, घरातील कलह, वारसा ही कारणे आधीपासूनच असू शकतात. म्हणजे लवकर प्रारंभ हे काही अंशी कारण तर काही अंशी लक्षण असते. परंतु मेंदूचा आवर घालणारा पुढील भाग पंचविशीच्या सुमारास पक्व होतो, हेही तितकेच खरे. सुखाची ओढ आधी प्रबळ होते, लगाम मागाहून येतो; मधल्या काळात लागलेली सवय खोल रुजते. आठवीतील मुलाच्या तोंडाला दारूचा वा तंबाखूचा वास आला, तर शिक्षकाने शिक्षेवर न थांबता त्याच्या घरची चौकशी करावी, ती यासाठी.

या तिन्हींपैकी अनुवंश बदलता येत नाही. पण तो जाणून घेता येतो. ज्या घरात व्यसनाचा वारसा आहे, तेथील मुलाला दोष न देता, ‘तुझ्या बाबतीत धोका अधिक आहे’, हे वेळीच सांगता येते. वय पुढे ढकलता येते. परिस्थिती तर बऱ्याच अंशी गावाच्या हाती असते. महाराष्ट्रात गावातील मतदारांनी ‘आडव्या बाटली’च्या बाजूने बहुमत दिल्यास परवान्याचे दुकान बंद करता येते. मात्र त्याच गावात ओढ्याकाठी हातभट्टी चालू राहिली, तर कागदावरची परिस्थिती तेवढी बदलते. दुकान बंद झाल्यानंतरच्या महिन्यांत गावात दारू कोठून येते आणि उपचार घेऊन परतलेल्या माणसाच्या वाटेवर ती पुन्हा उभी राहते काय, हे पाहणे ठरावाइतकेच महत्त्वाचे आहे.