गाडी शिकवण्याची फी आणि दुसरी ट्रायल



नेरळ आणि वांगणीच्या मधलं शेलू गाव आता लोकलच्या वेळापत्रकावर चालतं. नवी संकुलं उभी राहिली, दारात गाड्या आल्या आणि गाडी शिकणारेही वाढले. पण नोकरदार माणसाला शिकायला वेळ मिळतो तो सकाळची लोकल पकडण्याआधी, नाहीतर रात्री परतल्यावर. दुपारी ड्रायव्हिंग स्कूलची गाडीही उभी आणि शिकवणारे मास्तरही मोकळे. ड्रायव्हिंग स्कूलची फी ठरवताना ही रिकामी दुपार हिशेबात धरावीच लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी मोटारीचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं असावं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान 10 तासांचं व्हावं. अर्ध्या तासाचे 21 धडे घेतले की साडेदहा तास भरतात, म्हणून पॅकेज 21 धड्यांचं धरूया. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक शाळेने त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत.

मास्तरांचा पगार महिना 18,000, गाडीचा हप्ता, विमा, क्लचप्लेट आणि टायर मिळून 16,000, आणि कार्यालयाचे 6,000. एकूण झाले 40,000 रुपये. वेळापत्रकात महिन्याला 200 धडे बसवले, तर एका धड्यावर 200 रुपये पडतात. पण कुणाला रात्रपाळी लागते, कुणाची लोकल चुकते, जुलैत उल्हास नदी फुगली की दोन-चार दिवस जातातच. खरे धडे 160 झाले, तर तोच खर्च धड्याला 250 रुपये होतो. फी या 160 वरच ठरवावी. जो 200 वर ठरवतो, तो पुढे अर्ध्या तासाचा धडा वीस मिनिटांत उरकू लागतो.

इंधनाचं गणित कंपनीने सांगितलेल्या मायलेजवर करू नये. शिकाऊ माणूस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर गाडी चालवतो. ती बंद पडते, पुन्हा सुरू होते. शिवाय विद्यार्थ्याला घरून आणण्या-सोडण्याचे किलोमीटर असतात. टाकी काठोकाठ भरावी, वीस धडे झाले की पुन्हा तितकीच भरावी, आणि लागलेल्या पेट्रोलला वीसने भागावं. धड्याला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल निघालं तर ऐंशी रुपये धरा. म्हणजे एक धडा 330 रुपयांना पडला आणि 21 धडे सुमारे 6,900 रुपयांना.

आता ट्रायल. ती पनवेलच्या आरटीओत असेल, तर शेलूहून जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या घरात अंतर पडतं. पेट्रोल, गाडीची झीज आणि मास्तरांचा अर्धा दिवस मिळून फेरी तेराशे रुपयांना पडते. चार विद्यार्थी एकत्र नेले, तर माणशी सव्वातीनशे. एकटाच नेला, तर पूर्ण तेराशे. पहिल्या ट्रायलचे हे सव्वातीनशे पॅकेजमध्येच घालावेत. वर शाळेचा माफक नफा धरून फी आठ हजारांच्या थोडी पुढे जाते. सरकारी शुल्क त्यात मिसळू नये, ते वेगळं दाखवावं.

नापास झालेल्याचं काय? काही शाळा दुसरी ट्रायल ‘फुकट’ म्हणतात. तो खर्च मग पहिल्याच फेरीत पास होणाऱ्यांच्या फीमध्ये शिरतो. काही शाळा तिथे मनाला येईल ती रक्कम सांगतात, आणि ते मला जास्त वाईट वाटतं. कारण विद्यार्थी नापास होण्यातच शाळेचा फायदा असेल, तर रिव्हर्स नीट शिकवण्याची घाई कोण करील? म्हणून फेरट्रायलचा आकार वेगळा असावा, पण त्यात नफा नसावा. चाचणीचं सरकारी शुल्क 300, फेरीतला वाटा 325 आणि आदल्या दिवशीच्या उजळणीच्या एका धड्याचे 330, असे साडेनऊशेच्या आसपास. याहून फार जास्त रक्कम सांगितली, तर कशाचे ते विचारावं. एकट्यासाठी गाडी न्यावी लागली, तर वाढीव रकमेचं कारण आधीच सांगितलेलं असावं.

चौघे जमेपर्यंत थांबणं बहुतेकदा परवडतं, कारण कायद्यानेच दुसरी ट्रायल सात दिवसांनंतर देता येते. मात्र तीनदा नापास झालं तर साठ दिवस थांबावं लागतं, आणि शिकाऊ परवाना सहा महिन्यांचाच असतो. त्यामुळे थांबताना परवान्याची तारीख पाहत राहावं.

शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे. पैसे भरण्याआधी पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: धडे किती, धडा किती मिनिटांचा, पहिली ट्रायल आत की बाहेर, आणि फेरट्रायलचे किती. शाळेत फॉर्म 15 ची नोंद असते, त्यात चालवल्याच्या वेळेपुढे तुमची सही लागते. जितका वेळ गाडी चालवली असेल, तितक्याच वेळेपुढे सही करा.