नऊ हजार वाचतात, पण पीएनआर किती?

मला मुंबईहून दुबईमार्गे लंडनला जायचं होतं. एका तिकिटात दुबईत 14 तास थांबा. दुसऱ्यात अडीच तास, पण 9,000 रुपये जास्त. मी स्वस्तातलं घेणारच होतो. तेवढ्यात दिसलं, त्यात पीएनआर दोन आहेत. म्हणजे दुबईत बॅग घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर पडायचं, त्यासाठी यूएईचा व्हिसा काढायचा. पहिलं विमान रद्द झालं, तर पुढचं तिकीटही बुडालं. महागातलं एकाच पीएनआरवर होतं: बॅग थेट लंडनला, कनेक्शन चुकलं तर पुढच्या विमानात बसवायचं काम एअरलाइनचं. व्हिसा, हॉटेल, जेवण धरलं तर फरक हजारभराचाच उरला. मी महागातलं घेतलं. तुम्हीही पैसे भरण्याआधी बघा, पीएनआर एक की दोन?