धावण्यासाठी स्पोर्ट्स ब्रा : माप कसं ठरवायचं?

सैन्यात असताना मी बरीच वर्षं चुकीच्या मापाची ब्रा घालून धावले. खांद्यावर स्ट्रॅपचे वळ उठायचे, तरी 'जितकी आवळलेली तितकी चांगली' असंच वाटायचं. आज या विषयावर सरळ बोलू.

मुख्य आधार स्ट्रॅप देत नाहीत, छातीखालचा बँड देतो. बँड सैल असला की सगळा भार खांद्यांवर येतो.

माझी भाची इंदूरला असते. रोजच्या वापरात ३६बी. धावायला लागली तेव्हा दोन्ही हात वर केले की तिचा बँड पाठीवर वर सरकायचा, म्हणजे तो सैल होता. मग तिने ओढून घालायची घट्ट ब्रा घेतली. त्यात स्तन दाबले जाऊन वरून बाहेर यायचे आणि पाच किलोमीटरनंतर बँडखालची कातडी सोलायची.

मी तिला आधी ३४सी घालायला लावली. बँड दोन इंचांनी लहान झाला, की कपाचं अक्षर एकाने वाढवायचं. तेव्हा कपातली जागा जवळपास तेवढीच राहते. बँड नीट बसला. सर्वांत बाहेरच्या हुकावर लावून खाली दोन बोटं जेमतेम जात होती आणि खोल श्वासही घेता येत होता. नवी ब्रा बाहेरच्याच हुकावर बसायला हवी. इलॅस्टिक ढिलं पडेल तसं आतल्या हुकांवर यायचं.

ती ट्रायल रूममध्ये चालली, ठीक वाटलं. मग मी म्हटलं, "आता वीस उड्या मार."

"मावशी, इथे?"

"धावणार आहेस ना?"

उड्या मारताच कपाच्या वरच्या काठावरून स्तन बाहेर आले. चालताना हालचाल थोडी असते. धावताना स्तन वरखाली, आजूबाजूला आणि पुढेमागेही हलतात. म्हणून चालायला पुरणारा कप धावायला अपुरा पडू शकतो. तिला ३४डी बसली. बँड तोच, फक्त कप वरपर्यंत झाकणारा आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळा. वीस उड्यांनंतरही काठ जागेवर होता.

म्हणजे धक्का वाढला की कप लहान करायचा नाही. बँड घट्ट हवा, कप भरपूर हवा. कपाला सुरकुत्या पडल्या तर तो मोठा आहे. काठ रुतला किंवा काखेजवळ फुगवटा आला तर लहान. योगासनांना किंवा चालायला ओढून घालायची साधी ब्रा पुरते.

कंपनी बदलली की मापही बदलतं, त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. पाळीच्या आधी छाती भरून येत असेल, तर त्या दिवसांत पुन्हा एकदा घालून बघा. आणि दुकानात उड्या मारायला लाजू नका.